आजीचा श्वास कुठे तुटतो

ऑडिओबुकच्या नमुन्याची पहिली फाइल आली तेव्हा दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम भरात होता. फाइल चार मिनिटांची होती. मी ती स्वयंपाकघरात फोनवर लावली आणि फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. आई भाकरी थापत होती. अर्धा मिनिट ऐकून तिने विचारलं, "हाई कोठली बाई शे?"

प्रश्न माझ्या गोष्टीतल्या आजीबद्दल होता. दोंडाईच्यात जन्मलेली, दोंडाईच्यातच म्हातारी झालेली, चाळीस वर्षं मिरचीचे देठ खुडणारी ही बाई फाइलमध्ये थरथरत्या आवाजात "कुटं चाललायस रं" असं विचारत होती. हा सातारा-कोल्हापूरकडच्या बोलीतून सिनेमाने आणि नाटकाने घडवलेला ठरीव खेडवळ आवाज आहे. मराठीत गावची म्हातारी म्हटली की तोच आवाज लागतो, मग गाव तापीकाठचं असो की कृष्णाकाठचं.

चूक वाचणाऱ्या ताईंची नव्हती. संहितेच्या समासात मीच लिहून ठेवलं होतं: "आजी. गावाकडची. ग्रामीण ढंग." ताई पुण्याच्या, खान्देशात कधी राहिलेल्या नाहीत. मी जे लिहिलं होतं, ते त्यांनी नीट करून दाखवलं होतं. त्या रात्री मी त्यांना पहिलं टिपण लिहिलं. पुढे अकरा प्रकरणांचं ध्वनिमुद्रण संपेपर्यंत ही टिपणं येत-जात राहिली. त्यातली आवाज आणि गती यांविषयीची टिपणं इथे एकत्र छापली आहेत. ती तुटक आहेत, एकमेकींना लिहिलेली आहेत, आणि त्यांमागची कारणं दर वेळी त्यांत आलेली नाहीत. ती सांगायला ही प्रस्तावना.

गोष्ट थोडक्यात अशी. एक आठ वर्षांचा मुलगा, त्याची आजी आणि त्यांची पांढरी शेळी, चांदी. आजी मिरचीच्या पथारीवर कामाला जाते. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळायला पसरतात ते मोकळं मैदान; दोंडाईचा-नंदुरबारकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. एका संध्याकाळी पथारीवरून चांदी हरवते. मग तिचा शोध आडत्याच्या गाळ्यापर्यंत, रेल्वे स्टेशनापर्यंत आणि शेवटी तापीपलीकडे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारापर्यंत जातो.

प्रत्येक प्रकरण साधारण साडेतेराशे शब्दांचं आहे, आणि ही लांबी मी पुस्तक छापायच्या आधीच ठरवली होती. आमच्या गावावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावर पुढे अमळनेर लागतं. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते आणि शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, तेव्हा त्या पुस्तकाला प्रकरणं न पाडता रात्री पाडल्या. एका बैठकीत सांगून होईल आणि ऐकणारा जागा राहील एवढी एक रात्र. लेखी पुस्तकाला ऐकण्याचं माप लावायचं ही युक्ती मी तिथून घेतली. माझं एक प्रकरण साडेबारा मिनिटांत वाचून व्हायला हवं होतं. मिनिटाला एकशे आठ शब्द.

नमुन्याच्या चार मिनिटांत ताईंनी पाचशे तीस शब्द वाचले होते. मिनिटाला एकशे तीसच्या वर. मोठ्या माणसांच्या कादंबरीला ही गती चालते. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन चालतो. 'पथारीवरूनसुद्धा' हा एकच शब्द आहे, पण लहान मुलाला त्यातली जागा, दिशा आणि 'सुद्धा' असं तीन वेळा समजून घ्यावं लागतं. म्हणून शब्दांची संख्या सारखी असली तरी मराठी ऐकायला जड जाते. त्यातून ऐकणाऱ्या मुलाला मागचं पान उलटता येत नाही. कळलं नाही तर ते थांबवून मागे जात नाही, ते उठून निघून जातं.

पण गतीकडे मी नंतर येते, कारण आमचं पहिलं आणि सगळ्यांत लांबलेलं काम आजीच्या आवाजाचं होतं.

ताईंनी आधी विचारलं ते अगदी बरोबर होतं: "वय किती? दात आहेत का? उंच की बुटकी?" आवाजाचे कलाकार असंच विचारतात, कारण आवाज शरीरातून येतो. मी उत्तर दिलं की वय सोडा, तिचा श्वास बघा. चाळीस वर्षं मिरचीत काम केलेली बाई पूर्ण श्वास घेत नाही. पूर्ण घेतला की ठसका लागतो हे तिच्या छातीला पाठ आहे. ती वाक्याच्या मध्ये, जिथे स्वल्पविराम नाही तिथे, थांबते. थोडी हवा वरच्यावर घेते आणि उरलेलं वाक्य बोलते. शेवटचा शब्द कधी कधी हवेविना, नुसता ओठांवर येतो. हा थरथराट नाही. थरथरत्या आवाजात म्हातारपण ऐकू येतं, पण माणूस ऐकू येत नाही.

थरथरत्या आवाजाची दुसरी अडचण धंद्याची आहे. तो आवाज घशाला आवळून काढावा लागतो, आणि घसा आवळून दोन तास वाचता येत नाही. पहिल्या तासाला आजी सत्तरीची वाटते, दुसऱ्याला नव्वदीची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या घशाने वाचलं की पन्नाशीची. श्वासावर बेतलेली आजी असं वय बदलत नाही. तिचा स्वर ताईंच्या स्वतःच्या स्वरापेक्षा जेमतेम अर्धी पट्टी खाली आहे. फरक सगळा वाक्य कुठे तुटतं यात आहे.

एका टिपणात मी आजीच्या एका परिच्छेदात सात ठिकाणी उभी रेघ मारून पाठवली होती. ताईंनी त्यातल्या चारच ठेवल्या. त्यांचं म्हणणं असं की सातही पाळल्या तर मुलाला श्वासच ऐकू येईल, बोलणं नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि छापताना मी सातांपैकी खोडलेल्या तीन रेघाही खोडलेल्या स्थितीत ठेवल्या आहेत. पथारीवर आजीच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं. त्या प्रसंगांसाठी ताईंनी खरंच रुमाल बांधून पाहिला; माइकवर नुसता घुसमटलेला गोंगाट आला. मग त्यांनी जबडा कमी उघडायचा आणि व्यंजनं मात्र स्वच्छ ठेवायची असं केलं. ऐकताना फडकं दिसतं आणि शब्दही कळतात.

आता बोली. आजी अहिराणी बोलते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशीची नोंद मराठीच्या खंडात नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ती भिल्ली भाषांबरोबर आहे. तिची वर्गवारी कुठे करावी यावर अभ्यासक बोलत राहतील. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच घ्यायचं की अहिराणी ही बिघडलेली मराठी नाही, आणि मराठीचे शब्द वाकडे करून ती येत नाही. तिचे स्वतःचे नियम आहेत. 'ळ'चा 'य' होतो: डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय, धुळे म्हणजे धुये. 'मला'चं 'मले' होतं. 'आहे'ला 'शे' म्हणतात. इथे म्हणजे आठे, तिथे म्हणजे तठे.

ताईंनी तयारी म्हणून बहिणाबाईंची गाणी ऐकली होती. खान्देशाबाहेरचा जवळजवळ प्रत्येक कलाकार तेच करतो. पण बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या; त्यांची बोली लेवा गणबोली. दोंडाईचा त्याच लोहमार्गावर बरंच पश्चिमेला आहे, आणि इथल्या अहिराणीचा ठेका वेगळा आहे. इथे वाक्य उतरत्या सुरात संपत नाही, क्रियापदावर जरा रेंगाळतं: "काय करी राह्यना?" यातला 'राह्यना' लांबतो आणि सपाट राहतो. तो वर चढवला की थट्टेचा होतो. मी आईला आणि शेजारच्या दोन बायकांना देठ खुडताना गप्पा मारायला लावून वीस मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित केली, त्यांची परवानगी घेऊन, आणि ती फाइल ताईंना पाठवली. "शब्द शिकू नका," मी लिहिलं, "वाक्य कुठे संपतं ते ऐका." आठवड्याने त्यांनी आजीची तीन वाक्यं पाठवली. आईने ती ऐकली आणि काही न विचारता भाकरी उलटली.

पुस्तकात अहिराणी थोडीच आहे. प्रत्येक प्रकरणात आजीची दहा-बारा वाक्यं, सगळी आखूड, आणि प्रत्येकाचा अर्थ पुढच्या उत्तरातून किंवा कृतीतून कळेल अशी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलाला अडत नाही. पण यामुळे वाचणाऱ्यावर एक बंधन येतं: अहिराणी वाक्याच्या आधी आणि नंतर 'आता काहीतरी वेगळं आलं' असं सुचवणारी जागा सोडायची नाही. आवाजाला अवतरणचिन्हं लावली की मूल हसतं, कारण आपण त्याला हसायचा इशारा दिलेला असतो. आमच्याकडे मूल पहिलीत 'शाया' म्हणतं आणि वर्गात त्याला दुरुस्त केलं जातं. शाळा तिचं काम करते. पण त्याच मुलाने गोष्ट ऐकताना आपल्या आजीचं बोलणं विनोद म्हणून ऐकू नये, यासाठी मी अडून बसले, आणि या एका बाबतीत टिपणांतली माझी भाषा कडक झालेली दिसेल.

मुलाचा आवाज त्या मानाने लवकर सुटला. पहिल्या नमुन्यात तो पातळ, नाकातून काढलेला, वरच्या पट्टीतला होता. मोठी बाई लहान मुलाची नक्कल करते तेव्हा असाच निघतो, आणि खरी मुलं तो लगेच ओळखतात. आठ वर्षांच्या मुलाचा आवाज बारीक असतो, पण त्याची ओळख बारीकपणाने होत नाही. ती वाक्य सुरू करण्याच्या घाईने होते. त्याला अर्धंच वाक्य ठाऊक असतं तेव्हा तो बोलायला लागतो, मध्ये अडतो, मग उरलेलं एकदम सांडतो. ताईंनी पट्टी आपल्या जवळ ठेवली, आवाज दातांच्या पुढे आणला, आणि वाक्याचे पहिले तीन शब्द जोडून घेतले. एवढ्याने मुलगा उभा राहिला. तो शाळेत जातो म्हणून मराठी बोलतो. फक्त फार घाबरला की त्याच्या तोंडून अहिराणी निघते. सातव्या प्रकरणात तो "मनी चांदी!" असं ओरडतो तिथे समासात मी लिहिलं आहे: "आवाज बदलू नका. भाषा बदलली आहे तेवढं पुरे."

आडत्या मोजक्या जागी येतो. तो कधी समोरच्याकडे बघून बोलत नाही, वहीकडे बघून बोलतो. म्हणून त्याचे आकडे भरभर आणि बाकीचे शब्द सावकाश. सारंगखेड्याचा घोडेवाला बाहेरून आलेला आहे, त्याला ताईंनी मनासारखं केलं आणि मला सांगायला काही उरलं नाही. शेळीबद्दल मात्र आमचं एकमत व्हायला वेळ लागला. ताईंना ओरडण्याची हुबेहूब नक्कल येते आणि ती ऐकायला फार गोड आहे. पण ती गोड नक्कल गोष्ट थांबवते. मूल 'परत कर' म्हणतं आणि शोध विसरतं. शेवटी ठरलं की पूर्ण पुस्तकात चांदी फक्त दोनदा ओरडेल: पहिल्या प्रकरणात, ओळख व्हावी म्हणून, आणि दहाव्यात, मूल ती ओळखेल म्हणून.

आता गती. एकशे आठ हा सरासरीचा आकडा आहे. सगळं प्रकरण त्याच चालीने वाचलं तर ते बातम्यांसारखं होईल. गती कुठे सोडायची आणि कुठे धरायची याचा एक नमुना तपशिलात देते, कारण पुढच्या बहुतेक टिपणांचा पाया तोच आहे. तिसऱ्या प्रकरणात चांदी हरवते तो परिच्छेद असा:

"पथारीवर ऊन उतरलं होतं. मिरच्या लाल होत्या, जमीन लाल होती, आजीचे हातही लाल होते. फक्त चांदी पांढरी होती. आणि चांदी तिथे नव्हती."

बावीस शब्द. ताईंचा पहिला टेक नऊ सेकंदांचा होता. त्यात त्यांनी 'आणि'च्या आधी लांब थांबा घेतला होता आणि 'नव्हती' खाली, दुःखाच्या सुरात सोडलं होतं. मोठ्यांसाठी हे उत्तम वाचन आहे. मुलासाठी त्यात दोन चुका होतात. 'आणि'च्या आधी थांबलं की मुलाला कळतं, काहीतरी वाईट येतंय. म्हणजे चांदी हरवण्याच्या आधीच ती हरवल्याचं त्याला सांगितलं जातं. आणि 'नव्हती' खाली सोडलं की सांगणाऱ्याने शोध संपवला असं होतं, तर गोष्टीत शोध आत्ता सुरू व्हायचा आहे.

मी थांबा हलवायला सांगितला. 'लाल' तीन वेळा येतो तो तिन्ही वेळा एकाच सुरात, घाई न करता, नजर फिरवल्यासारखा. तिथे ऐकणारं मूल गोष्टीतल्या मुलासोबत बघतंय. त्याला बघायला वेळ हवा. 'फक्त चांदी पांढरी होती' हे साधं, शेजारच्याला सांगितल्यासारखं. त्याला लागूनच, न थांबता, 'आणि चांदी तिथे नव्हती', आणि 'नव्हती' अधांतरी, वर न खाली. थांबा त्यानंतर. अडीच सेकंद. त्या अडीच सेकंदांत ऐकणारं मूल स्वतः लाल पथारीवर पांढरं काही शोधतं. नवा टेक अठरा सेकंदांचा झाला. तेवढेच शब्द, दुप्पट वेळ, आणि ऐकताना तो हळू वाटत नाही, कारण वाढलेला वेळ शब्दांमध्ये ओढलेला नाही, शब्दांच्या बाजूला ठेवलेला आहे. मुलांसाठी हळू वाचा असं सांगितलं की बहुतेक जण स्वर लांबवतात. मग 'लाऽऽल' होतं आणि मुलाला आपण बाळ असल्यासारखं वाटतं. शब्द त्याच्या नेहमीच्या लांबीचा राहू द्यायचा. हळूपणा वाक्यांच्या फटीत घालायचा.

त्याच्या लगेच पुढे संवाद आहे:

"आजी, चांदी?"

"आठेच व्हती."

"कथा गई मंग?"

इथे मी उलटं सांगितलं: तिन्ही वाक्यं एकमेकांच्या अंगावर. मधे श्वासालाही जागा नाही. आजीचा नेहमीचा तुटलेला श्वासही या एका जागी नाही, कारण घाबरलेली बाई ठसका विसरते. दोन प्रकरणं आजीचा श्वास ऐकलेल्या मुलाला तो अचानक नसला की कळतं काहीतरी बिघडलंय, आणि आवाज उंचावायची गरज पडत नाही.

छापील पुस्तकात या पानावर चित्र आहे: पूर्ण पान लाल, कोपऱ्यात मुलगा. ऑडिओत ते चित्र जातं, आणि पान उलटण्याचा क्षणही जातो. अकरापैकी चार प्रकरणांत चित्र काहीतरी एकटं सांगत होतं, जे मजकुरात नव्हतंच. तिथे मी ऑडिओसाठी दोन-दोन वाक्यं नवी लिहिली. आधी मला वाटलं ताईंनी आवाजाने ते भागवावं. ते अन्यायाचं होतं. मजकुरात नसलेलं आवाज आणू शकत नाही, तो फक्त असलेलं उजळ करू शकतो.

संहितेतला आणखी एक दोष वाचल्याशिवाय दिसत नाही. मराठीत आपण आधी बोलणं लिहितो आणि मग 'असं तो कुजबुजला' असं सांगतो. वाचणाऱ्या व्यक्तीला वाक्य मोठ्याने बोलून झाल्यावर कळतं की ते कुजबुजायचं होतं. ताईंनी संपूर्ण संहितेतून अशा जागा काढल्या, आणि मी एकतर 'कुजबुजला' पुढे आणलं किंवा काढूनच टाकलं. कुजबुजीबद्दल त्यांनी मला शिकवलेली गोष्ट: माइकसमोर खरी कुजबुज करायची नाही. आमच्याकडे मुलं फोनच्या स्पीकरवर ऐकतात, वर पंखा चालू असतो, बाजूला कुकर. नुसत्या हवेची कुजबुज त्यात बुडते. म्हणून थोडा स्वर मिसळलेली, ओठ जवळ आणलेली कुजबुज. तसंच लांबून हाक मारायची असेल तर माइकपासून लांब जायचं नाही. तोंड जरासं वळवायचं आणि आवाज पातळ करून फेकायचा. लांब गेलं की खोली ऐकू येते, मैदान नाही.

'च' आणि 'ज' यांचा त्रास प्रत्येक मराठी संहितेला आहे. 'जग' म्हणजे दुनिया की 'जगणे' क्रियापदाचं आज्ञार्थी रूप, 'जरा' म्हणजे थोडं की म्हातारपण, हे लिपी सांगत नाही; अर्थ कळेपर्यंत जीभ पुढे गेलेली असते. मी दंत्य उच्चाराच्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब दिलं. अहिराणी वाक्यांत तर प्रत्येक अक्षर तपासलं.

आवाज सरकतो, हे मला ठाऊक नव्हतं. ध्वनिमुद्रण सहा आठवडे चाललं, मधे ताईंना सर्दी झाली, आणि नवव्या प्रकरणातली आजी ऐकताना मला काहीतरी खुपत राहिलं. काय ते सांगता येईना. मग पहिल्या प्रकरणातलं आजीचं एक वाक्य आणि नवव्यातलं एक वाक्य लागोपाठ लावली. नवव्यातली आजी जवळजवळ एक पट्टी वर होती आणि तिचे थांबे स्वल्पविरामांवर आले होते, म्हणजे ती लिहिल्याप्रमाणे वाचत होती. सर्दीमुळे ताई प्रत्येक वाक्यासाठी मोठा श्वास घेत होत्या, आणि आजीचा लहान श्वास त्यात हरवला होता. नववं प्रकरण पुन्हा झालं. त्यानंतर प्रत्येक पात्राची वीस सेकंदांची एक खूणफाइल ठेवली, आणि सत्र सुरू व्हायच्या आधी ताई त्या दिवशी लागणारी पात्रं ऐकून मगच माइकसमोर बसत. आजीची वाक्यं शक्यतो दुपारनंतर घेतली, कारण सकाळी त्यांचा आवाज अजून भरलेला असतो. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

मराठीत ऑडिओबुकं २०१७ नंतर, स्टोरीटेल भारतात आल्यापासून, भरभर वाढली. तरी लेखक आणि वाचणारी व्यक्ती यांची भेट बहुतेकदा होत नाही. संहिता जाते आणि तयार फाइल येते. आम्हीही समोरासमोर भेटलो ते काम संपल्यावर. ही टिपणं त्या अंतरातून लिहिलेली आहेत, आणि काही ठिकाणी जे दोन मिनिटांच्या बोलण्यात झालं असतं त्याला दोन पानं लागली आहेत. ती मी कापली नाहीत.

शेवटचं टिपण पुस्तकातल्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. चांदी घरी आलेली आहे, रात्र झाली आहे, आणि आजी नातवाला म्हणते, "जपी जाय." ताईंनी ते फार मायेने वाचून पाठवलं, जरा काळजीच्या सुरात, दारातून निरोप देताना म्हणतात तसं. त्यांना ते 'जपून जा' वाटलं होतं. अहिराणीत जपी जाय म्हणजे झोपी जा. मी तसं कळवलं. त्यांनी लगेच दुसरा टेक पाठवला, अगदी सपाट, रोज रात्री म्हटलं जातं तसा, 'जाय' जवळजवळ हवेविना. मग विचारलं, "ताई, यानंतर किती सेकंद मोकळी ठेवू?" मी रात्री आई झोपायच्या आधी काय करते ते पाहिलं: ती बोलणं संपवते, दिव्याच्या बटणापर्यंत जाते, बटण दाबते. मोजले तेव्हा सहा सेकंद भरले. फाइलच्या शेवटी तेवढेच आहेत.